सह्याद्रीची भिंत आणि त्रिकोणांची जाळी : निसर्गछायाचित्राच्या लो-पॉली व मोझेक रूपांतराची चिकित्सा

प्रास्ताविक

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर टोकावड्याच्या परिसरात पूर्वेकडे दृष्टी टाकली असता सह्याद्रीची भिंत समोर उभी राहते. नाणेघाट, त्याच्या माथ्यावरचा नानाचा अंगठा, जीवधनचा कडा, पुढे मोरोशीचा भैरवगड अशी ही ओळ कोकणातून घाटावर जाणाऱ्या वाटसरूंना दोन हजार वर्षांहून अधिक काळ दिशा दाखवीत आली आहे. या ओळीची असंख्य छायाचित्रे दरवर्षी काढली जातात आणि त्यांपैकी काहींचे रूपांतर संगणकाच्या साहाय्याने त्रिकोणी पैलूंच्या वा चौकोनी तुकड्यांच्या चित्रात केले जाते. महाविद्यालयीन नियतकालिकांची मुखपृष्ठे, परिसंवादांची निमंत्रणपत्रे, गिर्यारोहण मंडळांची बोधचिन्हे येथे अशी चित्रे वारंवार आढळतात. त्यांना ‘लो-पॉली’ किंवा ‘मोझेक’ शैली असे नाव दिले जाते.

या रूपांतराची चर्चा सामान्यतः दोन टोकांना होते. एका बाजूस ते केवळ आज्ञावलीचे कौशल्य मानून कलाविचारातून वगळले जाते. दुसऱ्या बाजूस ‘सुलभीकरण’ हाच कलेचा गाभा असल्याचे सांगून त्यास सरसकट कलात्मकता बहाल केली जाते. दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. सुलभीकरण म्हणजे काहीतरी वगळणे होय, आणि काय वगळले जाते हा प्रश्न प्रत्येक चित्रागणिक वेगळा असतो. टोकावड्याकडून दिसणाऱ्या भिंतीच्या बाबतीत तो विशेष तीव्र आहे, कारण या भिंतीची भूरचना आणि त्रिकोणांच्या जाळीचे गणित यांच्यात मूलभूत विसंगती आहे. प्रस्तुत लेखाचा रोख या विसंगतीवर आहे.

त्रिकोणाचे मूळ आणि त्याचे उसने रूप

लो-पॉली हा शब्द त्रिमित संगणकीय चित्रणातून आला. तेथे कोणतीही वस्तू त्रिकोणांच्या पृष्ठभागाने घडविली जाते आणि जुन्या यंत्रांची गणनक्षमता मर्यादित असल्यामुळे त्रिकोण मोजूनमापून वापरावे लागत. यंत्रे समर्थ झाल्यावर ही नड संपली. परंतु नडीतून जन्मलेले रूप मात्र नंतर हौसेने जोपासले गेले आणि एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्याची स्वतंत्र शैली झाली. या मूळ रूपात प्रत्येक त्रिकोणाला अर्थ असतो. तो पृष्ठभागाचा एक उतार असतो, प्रकाश त्यावर एका कोनातून पडतो आणि त्या कोनानुसार त्याची छटा ठरते. शेजारच्या दोन त्रिकोणांच्या छटांतील फरक हा त्यांच्या उतारातील फरक असतो.

छायाचित्रावरून केलेल्या रूपांतरात हा संबंध तुटतो. तेथे प्रतलावर बिंदू पसरले जातात, ते जोडून त्रिकोण केले जातात आणि त्रिकोणाखाली आलेल्या पिक्सेलांच्या रंगाची सरासरी काढून तो रंग त्रिकोणात भरला जातो. त्रिकोणाला खोली नसते, उतार नसतो. पाहणाऱ्याची नजर मात्र जुन्या सवयीने त्यास पैलू समजते. त्यामुळे निरभ्र आकाश चुरगळलेल्या कागदासारखे दिसते आणि सपाट माळ उंचसखल भासतो. सह्याद्रीचा कडा तर हिऱ्यासारखा पैलू पाडलेला, किंवा आल्प्ससारख्या वळ्या पडलेल्या पर्वतासारखा दिसू लागतो.

यातील शेवटचा परिणाम केवळ आवडीनिवडीचा नाही. सह्याद्री हा वळीपर्वत नव्हे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हाच्या थरांतून दख्खनचे पठार घडले आणि त्याची पश्चिमेकडची तुटलेली बाजू म्हणजे हा कडा. भूशास्त्रातील ‘ट्रॅप’ हे नाव पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आले आहे. कडा खरोखरच पायऱ्यांचा आहे : उभा काळा कातळ, मग गवताचा आडवा पदर, पुन्हा उभा कातळ, पुन्हा पदर. दुर्गप्रेमी मंडळी या आडव्या टप्प्यांना पदरच म्हणतात आणि तो शब्द नेमका आहे. म्हणजे या भिंतीची ओळख आडव्या रेषांत आहे. तिला तिरक्या रेषांच्या जाळीत टाकणे म्हणजे तिचे व्याकरण बदलणे होय.

सहाशे बिंदूंचा हिशेब

हे कसे घडते ते एका उदाहरणाने पाहता येईल. ऑक्टोबरअखेरच्या दुपारनंतर टोकावड्याच्या बाजूने पूर्वेकडे रोखून घेतलेले, 3000 पिक्सेल रुंद व 2000 पिक्सेल उंच असे एक छायाचित्र कल्पावे. वेळेची निवड महत्त्वाची आहे. भिंत पूर्वेला असल्यामुळे सकाळी सूर्य तिच्यामागे असतो, दर्शनी बाजू सावलीत जाते आणि फक्त माथ्याची बाह्यरेषा उरते. दुपारनंतर ऊन समोरून पडते, पदरांवरचे पिवळे पडलेले गवत उजळते आणि कातळाचे काळे पट्टे वेगळे दिसतात. सकाळच्या चित्राचे रूपांतर म्हणूनच नेहमी सोपे आणि नेहमी पोकळ असते. दुपारच्या चित्रात खरी परीक्षा होते.

या चित्रावर 600 बिंदू ठेवले आणि त्यांपैकी 40 चौकटीच्या बाह्य सीमेवर असतील, तर त्रिकोणांची संख्या निश्चित असते. बिंदू कसेही जोडले तरी ती 2n − 2 − h इतकीच येते. येथे n म्हणजे एकूण बिंदू व h म्हणजे सीमेवरचे बिंदू. म्हणजे 1200 मधून 2 आणि 40 वजा जाता 1158 त्रिकोण मिळतात. चित्रात 60 लाख पिक्सेल असल्याने प्रत्येक त्रिकोणाच्या वाट्याला सरासरी सुमारे 5180 पिक्सेल येतात. समभुज त्रिकोण मानल्यास त्याची बाजू सुमारे 110 पिक्सेल भरते. याहून लक्षणीय लहान असलेली कोणतीही गोष्ट केवळ योगायोगानेच टिकू शकेल.

आता भिंतीतील एखाद्या खिंडीचा विचार करावा. छायाचित्राचा आडवा दृष्टिकोन 60 अंशांचा असेल तर दहा किलोमीटर अंतरावरची शंभर मीटर रुंदीची खिंड चित्रात सुमारे 26 पिक्सेल व्यापते. एका सरासरी त्रिकोणाच्या बाजूत अशा चार खिंडी मावतील. नाणेघाट ही अशीच एक अरुंद चीर आहे. सातवाहनकाळात कल्याण बंदरातून जुन्नरकडे जाणारा व्यापार याच चिरेतून वर चढला आणि राणी नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख तिच्याच मुखाशी असलेल्या लेण्यात आहे. बिंदू यदृच्छया पसरले तर ही चीर बुजते, तिच्या दोन काठांमधून एक सरळ रेषा जाते आणि चित्रात भिंत राहते पण घाट राहत नाही. मुखपृष्ठावर ‘नाणेघाट परिसर’ असे छापलेल्या चित्रात नाणेघाटच नसणे ही स्थिती हास्यास्पद वाटेल. पण गणित तिकडेच नेते.

बिंदूंची संख्या वाढविणे हा यावरचा उपाय नाही. त्रिकोणाची बाजू 26 पिक्सेलपर्यंत आणावयाची तर त्रिकोण वीस हजारांवर जातात आणि बिंदू दहा हजारांच्या घरात. तेव्हा चित्र लो-पॉली राहत नाही, ते खरखरीत छापलेल्या छायाचित्रासारखे दिसते. अर्थात प्रश्न बिंदू किती यापेक्षा बिंदू कोठे हा आहे.

सीमा शोधणारे यंत्र काय पाहते

बिंदू कोठे ठेवावेत याचे प्रचलित उत्तर असे : आधी चित्र किंचित मऊ करावे, मग त्यातील सीमा शोधाव्यात, आणि सीमांवर बिंदू दाट व इतरत्र विरळ ठेवावेत. जॉन कॅनी याने 1986 मध्ये मांडलेली सीमाशोधाची पद्धत यासाठी आजही वापरली जाते. ती शेजारच्या पिक्सेलांच्या तेजातील फरक मोजते आणि जेथे फरक झपाट्याने पालटतो तेथे सीमा आहे असे ठरविते.

मराठीत कडा हा एकच शब्द डोंगराच्या तुटलेल्या बाजूलाही आहे आणि वस्तूंच्या काठांनाही. यंत्राला मात्र दुसऱ्याच अर्थाच्या कडा कळतात. ऑक्टोबरच्या दुपारी दहा किलोमीटरवरचा डोंगर हवेतील धूसरपणामुळे निळसर, फिका आणि कमी विरोधाचा दिसतो. उलट अग्रभागीच्या भातखाचरांचे बांध, सागाची पाने, रस्त्यालगतच्या विजेच्या तारा यांत काळ्या-पांढऱ्याचा तीव्र विरोध असतो. त्यामुळे यंत्र बहुतांश बिंदू पानांवर आणि तारांवर खर्च करते, आणि ज्यासाठी छायाचित्र काढले त्या भिंतीला उरलेसुरले मिळतात. जाळीच्या चित्रात खालचा भाग बारीक भुग्यासारखा आणि वरचा भाग ढोबळ फाळक्यांचा दिसला, म्हणजे हे घडले असे निःशंक समजावे.

मऊ करण्याच्या पायरीतही एक धोका दडलेला आहे. पानांचा गोंधळ घालवण्यासाठी मध्यक फिल्टर वापरतात. हा फिल्टर प्रत्येक पिक्सेलच्या जागी भोवतालच्या चौकटीतील मधले मूल्य ठेवतो आणि सरळ सीमा बऱ्याच अंशी जशाच्या तशा राखतो, म्हणून तो लोकप्रिय आहे. परंतु चौकटीच्या निम्म्याहून अरुंद असलेली गोष्ट त्याच्या लेखी कचरा ठरते. 51 पिक्सेलांची चौकट घेतली तर 26 पिक्सेलांची खिंड अगदी उंबरठ्यावर येते. खिंड तळाकडे निमुळती असल्याने तिचा तळ आधी भरतो, मग काठ गोल होतात आणि शेवटी एक उथळ खळगी उरते. पुढच्या पायरीत सीमाशोधक त्या खळगीवर प्रामाणिकपणे बिंदू ठेवतो. चूक आधीच झालेली असते, आणि जाळी पाहून ती कोठे झाली हे कळत नाही.

यावर व्यवहार्य मार्ग म्हणजे चित्राचे विभाग पाडून प्रत्येक विभागाला बिंदूंचा स्वतंत्र शिधा देणे. वरील उदाहरणात आकाशाला 30, भिंतीला 320, पायथ्याच्या जंगलाला 100 आणि खाचरांना 150 असे सहाशे बिंदू वाटता येतील. मऊपणाची चौकटही विभागागणिक बदलावी. जंगलाला मोठी, भिंतीला लहान. खिंडीसाठी तर तीन बिंदू हातानेच ठेवावे लागतात : डावा काठ, तळ आणि उजवा काठ. सहाशेपैकी हे तीन बिंदू संपूर्ण चित्राची ओळख तोलून धरतात, आणि ते कोणताही फिल्टर आपण होऊन ठेवत नाही.

आडव्या पदरांची अडचण

बिंदू नीट बसले तरी त्यांना जोडण्याचा प्रश्न उरतो, आणि येथे विसंगती अधिक खोल आहे. जवळपास सर्व लो-पॉली आज्ञावल्या रशियन गणिती बोरिस डेलोने याने 1934 मध्ये मांडलेल्या पद्धतीने बिंदू जोडतात. तिचा नियम सोपा आहे : कोणत्याही त्रिकोणाच्या तिन्ही टोकांमधून जाणाऱ्या वर्तुळात दुसरा बिंदू असता कामा नये. या नियमाने त्रिकोणांचे लहानात लहान कोन शक्य तितके मोठे राहतात, म्हणजे सुळ्यासारखे लांबट त्रिकोण टळतात व जाळी डोळ्यांना सुबक दिसते.

परंतु सह्याद्रीच्या पदराला नेमके लांबट त्रिकोणच हवे असतात. चित्रात 900 पिक्सेल लांब आणि 18 पिक्सेल उंच असा गवताचा एक पदर घ्यावा. तो आयत मानल्यास कर्णाने विभागलेले दोन लांबट त्रिकोण त्यास पुरतात. पण अशा त्रिकोणाचे परिवर्तुळ सुमारे 900 पिक्सेल व्यासाचे असते आणि ते वरच्या-खालच्या कातळावर दूरवर पसरते. तेथे दुसरा बिंदू नसणे अशक्यच. त्यामुळे डेलोनेचा नियम हे त्रिकोण नाकारतो. पदराच्या काठांवर बिंदू दाट ठेवून त्याला सुबक त्रिकोणांत बसवायचे तर 18 पिक्सेल उंचीच्या त्रिकोणाची बाजू सुमारे 21 पिक्सेल येते आणि एका पदरासाठी पंच्याऐंशीच्या आसपास त्रिकोण लागतात. असे पाच पदर म्हणजे सव्वाचारशे. बिंदूंचा शिधा आपल्याला तितका परवडत नसल्याने प्रत्यक्षात काय होते ? काठांवरचे बिंदू विरळ राहतात, त्रिकोण पदर ओलांडून खालच्या-वरच्या कातळात घुसतात, आणि सोनेरी गवत व काळा दगड यांची सरासरी होऊन संपूर्ण भिंत एका तपकिरी तिरक्या नक्षीत विरघळते.

गणितज्ञांना ही अडचण पूर्वीपासून ठाऊक आहे. नीरा डिन, डेव्हिड लेव्हिन व सॅम्युएल रिप्पा यांनी 1990 मध्ये असे मांडले की त्रिकोणन केवळ बिंदूंच्या स्थानावरून न ठरवता त्या बिंदूंवरील मूल्यांवरूनही ठरवावे. आणि रिप्पाने 1992 मध्ये दाखविले की लांब व बारीक त्रिकोण पुष्कळदा अधिक अचूक असतात. हे विवेचन पृष्ठभागांच्या गणिती अंदाजाविषयी होते. मात्र त्याचे चित्रकलेतील भाषांतर उघड आहे : जेथे रंग एका दिशेने दूरवर सारखा राहतो आणि दुसऱ्या दिशेने चटकन बदलतो, तेथे त्रिकोणही त्या पहिल्या दिशेने ताणलेला असावा. व्यवहारात यासाठी ‘बंधित’ त्रिकोणन वापरतात. पदराचे काठ आधी रेषा म्हणून आखून द्यायचे आणि कोणत्याही त्रिकोणाने त्या रेषा ओलांडू नयेत अशी अट घालायची. जाळी मग तितकी सुबक राहत नाही. भिंत मात्र भिंत राहते.

मोरोशीचा भैरवगड हा या नियमाला स्थानिक अपवाद आहे. त्याचा माथा म्हणजे उभी, पातळ कातळभिंत. आडव्या थरांतून वर घुसलेल्या लाव्हाची ती उभी पट्टी. तिथे ताण उभ्या दिशेने द्यावा लागतो. एकाच चित्रात दोन दिशांचे हे व्याकरण सांभाळणे फिल्टरच्या एका घसरपट्टीवरील आकड्याने होणार नाही, हे सांगण्याची गरज नसावी.

रंगाच्या सरासरीबद्दलही येथेच सांगणे योग्य. माथ्याच्या रेषेवर पडलेल्या एखाद्या त्रिकोणात निम्मे आकाश आणि निम्मा कातळ आला, आकाश (200, 215, 230) व कातळ (80, 75, 70) असा असला, तर सरासरी (140, 145, 150) येते. हा राखी रंग छायाचित्रात कोठेच नव्हता. माथ्याच्या रेषेवर असे त्रिकोण ओळीने आले की कड्याला राखी किनार लागते आणि तो ढगातून कापून चिकटवल्यासारखा दिसतो. सरासरीऐवजी मध्यक रंग घेतल्यास ही किनार बव्हंशी जाते, कारण मध्यक बहुसंख्य पिक्सेलांच्या बाजूने झुकतो. तरी खरा उपाय बिंदू माथ्याच्या रेषेवरच बसवणे हाच.

मोझेक : चौकोनाचा दोष आणि गुण

मोझेक शैलीच्या वाट्याला वेगळा दोष आला आहे. 40 पिक्सेलांचे चौकोन घेतल्यास वरील छायाचित्राचे 75 गुणिले 50, म्हणजे 3750 तुकडे होतात. तुकडे लो-पॉलीच्या त्रिकोणांच्या तिपटीहून अधिक, तरी ओळख कमी पटते. याचे कारण लिऑन हार्मन व बेला यूलेझ यांनी 1973 मध्ये मानवी चेहऱ्यांच्या बाबतीत दाखविले होते. चौकोनांत विभागलेले चित्र न ओळखू येण्याला केवळ तपशील गेल्याचे कारण नसते. चौकोनांच्या तीक्ष्ण सीमा स्वतःच एक नवा, खोटा तपशील निर्माण करतात आणि तो उरलेल्या खऱ्या तपशिलाला झाकतो. म्हणूनच डोळे मिचकावले किंवा चित्र दूर धरले की चेहरा अचानक उमटतो. सह्याद्रीच्या चित्रावर हाच प्रयोग कोणीही करू शकतो. डोळे किलकिले केल्यावर नानाचा अंगठा दिसू लागला, तर तपशील शाबूत आहे आणि तुकड्यांच्या सीमा फार ठळक आहेत, असा निष्कर्ष निघतो. तुकड्यांमधील भेगांचा रंग सौम्य केला तरी पुष्कळ सुधारणा होते. किलकिल्या डोळ्यांनाही काही दिसले नाही, तर ते मुळातच गेलेले आहे.

फोटोशॉपमधील Mosaic हा फिल्टर वास्तविक मोझेक नव्हेच. तो सरळ चौकोनांची जाळी टाकतो. Crystallize हा फिल्टर बहुभुज पेशी करतो, त्याही यदृच्छया. खऱ्या कुट्टिमचित्रात कारागीर दगडाचे तुकडे आकृतीच्या काठाला धरून, ओळींनी लावतो. त्या ओळींचा प्रवाह हाच चित्राचा प्राण असतो. संगणकावर हा प्रवाह आणण्याचा महत्त्वाचा प्रयत्न अलेहो हाउसनर याने 2001 मध्ये केला. त्याच्या पद्धतीत चौकोनी तुकडे एकमेकांना ढकलून समान अंतरावर येतात, जवळच्या सीमारेषेच्या दिशेने वळतात आणि सीमा ओलांडत नाहीत.

सह्याद्रीच्या दृष्टीने ही पद्धत लो-पॉलीपेक्षा अधिक योग्य ठरते, असे म्हणावेसे वाटते. पदराच्या काठाला धरून तुकड्यांची एक ओळ लागली की आडवी रेष आपोआप सिद्ध होते; तिला ना लांबट त्रिकोण लागतो ना वेगळी अट. अग्रभागीच्या भातखाचरांचेही तसेच. खाचर हा मुळातच बांधांनी आखलेला चौकोन आहे आणि उतारावर तो समोच्चरेषेप्रमाणे वळतो. तेथे तुकड्यांच्या ओळी बांधाबरोबर वळल्या तर चित्राने शेतकऱ्याची आखणीच पुन्हा आखली असे होते. मात्र कारागिराप्रमाणे येथेही दिशारेषा आधी कोणीतरी काढून द्यावी लागते. धूसर डोंगरातील पदर सीमाशोधकाला दिसत नाहीत, हा मागचाच आक्षेप येथे परत येतो.

दोन उपमर्द

ठाणे जिल्ह्याच्या संदर्भात त्रिकोण म्हटला की वारली चित्रकलेचा उल्लेख ओघाने होतो आणि लो-पॉलीला तिचा ‘डिजिटल वारसा’ म्हणण्याची हौसही अधूनमधून दिसते. ही तुलना टिकत नाही. वारली चित्रात टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे माणसाचे धड; त्यांच्या कलण्यातून माणूस वाकतो, नाचतो, ओझे वाहतो. तेथे त्रिकोण हे चिन्ह आहे, आधी अर्थ आणि मग आकार. जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या चित्रकाराच्या (पद्मश्री, 2011) कामात एकही त्रिकोण जागा भरण्यासाठी आलेला नाही. लो-पॉलीच्या जाळीत मात्र प्रत्येक त्रिकोण जागा भरण्यासाठीच येतो, कारण जाळीत भोक ठेवता येत नाही. नातेच शोधायचे तर ते विरोधाचे आहे. ते सांगितले तर दोन्ही बाजूंचा मान राहतो.

दुसरा उपमर्द भूगोलाचा. काही जण छायाचित्राऐवजी उंचीच्या नकाशावरून त्रिकोणांचा पृष्ठभाग करतात आणि तोच खरा लो-पॉली सह्याद्री असल्याचे सांगतात. भूगोलात अशा पृष्ठभागाचा वापर 1970च्या दशकापासून होत आहे, आणि फेब्रुवारी 2000 मधील अवकाशयानाच्या रडार मोहिमेतून जगाच्या मोठ्या भागाची उंची मोजली गेल्यामुळे साधने कोणालाही उपलब्ध झाली आहेत. येथे प्रत्येक त्रिकोण खरोखरच एक उतार असतो, हे मान्य. परंतु या मापनाची जाळी बारीकात बारीक म्हटली तरी सुमारे 30 मीटरची आहे. शंभर-दोनशे मीटरचा सरळ तुटलेला कडा अशा दोन शेजारच्या मोजमापांमध्येच संपतो. पदर तर बहुधा नोंदलेच जात नाहीत. परिणामी कड्याचा तीव्र पण गुळगुळीत उतार होतो आणि नाणेघाटाची चीर पुन्हा एकदा बुजते. छायाचित्राला खोली ठाऊक नसते, नकाशाला उभेपणा ठाऊक नसतो.

पावसाळ्यातील चित्र

आतापर्यंतचे विवेचन कोरड्या ऋतूतील चित्रापुरते होते. प्रत्यक्षात या परिसराची सर्वाधिक छायाचित्रे जुलै-ऑगस्टमध्ये निघतात. तेव्हा भिंतीचा वरचा अर्धा भाग ढगात असतो, पदर हिरवेगार असतात आणि कातळावरून पांढऱ्या धारा कोसळत असतात. धारांचे रूपांतर त्यातल्या त्यात सोपे आहे : लांबट उभे त्रिकोण, पांढऱ्याच्या दोन छटा, बस्स. अडचण ढगाची आहे.

ढग आणि कातळ यांच्यामध्ये सीमाच नसते. कातळ हळूहळू फिका होत जातो आणि कोठेतरी संपतो; तो कोठे संपला हे छायाचित्र सांगत नाही, टोकावड्याच्या बाजारात उभा असलेला माणूसही सांगू शकत नाही. त्रिकोण मात्र कोठेतरी संपलाच पाहिजे. जाळी या प्रदेशावर आली की ढगाचे घट्ट, कोनेदार खडक होतात आणि भिंतीच्या डोक्यावर दुसरा एक पर्वत बसल्यासारखा दिसतो. त्रिकोणाच्या आत एकच रंग न भरता तीन टोकांच्या रंगांमध्ये हळूहळू बदलणारी छटा भरली तर हे खडक वितळतात, पण मग उरलेल्या चित्राशी त्याचा मेळ बसत नाही आणि लो-पॉलीचा करारच मोडतो.

अशा चित्रांत सर्वांत प्रामाणिक निर्णय जाळी अर्ध्यावर थांबवण्याचा दिसतो. पायथ्याचे जंगल आणि खालचे दोन-तीन पदर त्रिकोणांत बांधावेत, त्यांच्यावरची ओळ तुटक ठेवावी, आणि त्यापलीकडे कागद तसाच पांढरा सोडावा. कोणतीही आज्ञावली हे आपण होऊन करत नाही. वरचे बिंदू पुसून टाकावे लागतात, आणि चौकटीच्या वरच्या सीमेवर यंत्राने ठेवलेले बिंदूही एकेक करून काढावे लागतात, नाही तर ते कोपऱ्यापासून खालच्या पदरापर्यंत मोठमोठे पांढरट त्रिकोण ताणून ठेवतात आणि ढग पुन्हा घट्ट होतो.